एक खाडा अडीच हजारांचा : सुरतच्या गोदामांतला हजेरी बोनस नेमका काय करतो?

नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर, अमळनेर या भागातून सुरतला कामाला गेलेल्या माणसाला पगार विचारला तर तो एकच आकडा सांगतो. ‘पंधरा हजार पडतात.’ पण महिन्यात एकदा ताप आला, गावाकडे कुणी वारलं किंवा परतीची गाडी चुकली, की त्याच्या खात्यात जमा होतात अकरा हजारांच्या आत. दिवस एक बुडाला आणि रक्कम गेली जवळपास पाच दिवसांची. यात कुणी हिशेब चुकवलेला नसतो. पगाराची रचनाच तशी असते. या रचनेला कुणी ‘हजेरी बोनस’ म्हणतं, कुणी ‘अटेंडन्स इन्सेंटिव्ह’, आणि कामगार आपसात ‘फुल हजेरीचे पैसे’ म्हणतात.

सुरतचं नाव घेतलं की आपल्याला लूम, साडी आणि हिरा आठवतो. पण रिंग रोडच्या कापड बाजारातून देशभर जाणारे पार्सल, ऑनलाइन खरेदीचा माल आणि औद्योगिक वसाहतींचा कच्चा माल साठवणारी गोदामं हाही आता रोजगाराचा मोठा आधार आहे. सचिन, पलसाणा, कडोदरा, किम या पट्ट्यात ती महामार्गाच्या आजूबाजूला पसरली आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथे राहणारी खानदेशी मुलं तिथे माल उतरवणं, स्कॅन करणं, पॅकिंग आणि लोडिंग अशी कामं करतात. बरेच जण थेट कंपनीच्या नव्हे, तर ठेकेदाराच्या किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या हजेरीपटावर असतात. हजेरी बोनसचा नियम अनेकदा तिथेच ठरतो, आणि तो लेखी मिळतोच असं नाही.

आधी हिशेब

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुन्याचा पगार धरू. रोज 500 रुपये, महिन्याचे कामाचे दिवस 26. म्हणजे ठरलेला पगार 13,000. एकही खाडा नसेल तर वर 2,000 रुपये हजेरी बोनस. एकूण 15,000. यातून भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, 13,000 वर 12 टक्क्यांनी 1,560 रुपये जातो. (बोनस पीएफच्या बाहेर ठेवला आहे असं इथे धरलं आहे.) ईएसआयचा कामगाराचा हिस्सा 0.75 टक्के, तो 15,000 वर 113 रुपये. हातात येतात 13,327.

आता महिन्यात एक खाडा पडला. ठरलेला पगार 12,500 झाला आणि बोनस शून्य. पीएफ 1,500, ईएसआय 94. हातात 10,906. म्हणजे एका दिवसाने 2,421 रुपये गेले. काम बुडालं सव्वीसातला एक दिवस, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. हातातली रक्कम कमी झाली अठरा टक्क्यांनी.

त्याच महिन्यात दुसरा खाडा पडला तर काय होतं ते बघा. पगार 12,000, पीएफ 1,440, ईएसआय 90, हातात 10,470. दुसऱ्या खाड्याची किंमत फक्त 436 रुपये. पहिला दिवस 2,421 चा आणि दुसरा 436 चा. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं त्यांच्यावरच उभं आहे.

गेलेले पैसे ओव्हरटाइमने भरून काढू म्हटलं तर? आठ तासांचे 500, म्हणजे तासाला साडेबासष्ट. कायद्याप्रमाणे दुप्पट दराने ओव्हरटाइम मिळाला तर तासाला 125. अशा दराने 2,421 रुपये भरायला साधारण वीस तास जादा उभं राहावं लागतं. आणि जिथे ओव्हरटाइम ‘सिंगल’ दरानेच दिला जातो तिथे जवळपास चाळीस तास. एका आजारी दिवसाची भरपाई म्हणून पाच दिवसांचं काम.

कायदा याला कपात म्हणतो का?

कामगाराला साहजिक वाटतं की एका दिवसासाठी पाच दिवसांचे पैसे कापणं बेकायदा असणार. कायद्यात त्याच्या बाजूचा एक स्पष्ट नियम आहेही. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यापासून तो चालत आला आहे आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही कायम आहे. गैरहजेरीसाठी करायची कपात गैरहजर काळाच्या प्रमाणातच हवी. सव्वीसातला एक दिवस गेला तर सव्वीसावा हिस्सा. त्याहून जास्त नाही.

मग हजेरी बोनस पूर्ण कसा जातो? मेख शब्दात आहे. कायद्याच्या व्याख्येत वेतन म्हणजे नोकरीच्या अटी पूर्ण झाल्यावर जे देय होतं ते. मालक म्हणतो, बोनसची अटच ‘एकही खाडा नको’ अशी होती. अट पूर्ण झाली नाही, म्हणून बोनस मिळालाच नाही. जे मिळालंच नाही ते कापलं कसं? 500 रुपये गेले ती गैरहजेरीची कपात, ती प्रमाणात आहे. 2,000 गेले ती कपात नव्हे, न कमावलेली रक्कम.

हा युक्तिवाद कागदावर टिकतो, आणि म्हणूनच ही पद्धत इतकी पसरली आहे. कुणी सरसकट सांगत असेल की हजेरी बोनस बंद करणं बेकायदा आहे, तर ते खरं नाही. ठरलेला पगार किमान वेतनाच्या वर असेल आणि वरचा बोनस खरोखर वरचा असेल, तर मालक त्याला अट लावू शकतो. हजेरी बोनस आणि दिवाळीचा बोनस यांची गल्लतही करू नये. दिवाळीचा बोनस कायद्याने ठरलेला आहे. पात्र कामगाराने वर्षात किमान तीस दिवस काम केलं असेल तर त्याचा हक्क तयार होतो. एखाददुसऱ्या खाड्याने तो बुडत नाही. हजेरी बोनस मात्र पूर्णपणे कराराचा विषय आहे.

पण ‘खरोखर वरचा असेल तर’ ही अट मोठी आहे. खरी गडबड तिथेच होते.

किमान वेतनात बोनस मिसळला तर

या प्रश्नावर निकाल आपल्याच भागातल्या एका कंपनीच्या प्रकरणात लागलेला आहे. नागपूरला मुख्यालय असलेली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल. नागपूर, भंडारा आणि पलीकडे बालाघाट जिल्ह्यांत तिच्या खाणी आहेत. तिच्या कामगारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1991 च्या निकालपत्रांत तो छापून आला. प्रश्न असा होता की कंपनी देत असलेला हजेरी बोनस किमान वेतनात धरायचा का? न्यायालयाने नाही म्हटलं. हजेरी बोनस हे नियमित यावं म्हणून दिलेलं प्रोत्साहन आहे, जादाची रक्कम आहे. किमान वेतन त्याच्याशिवाय पूर्ण झालं पाहिजे.

आता हे सुरतला लावून बघू. गुजरात सरकारने एप्रिल 2023 पासून किमान वेतनाचे मूळ दर वाढवले. महानगरपालिका क्षेत्रात अकुशल कामगाराला दिवसाला 452 रुपये, म्हणजे 26 दिवसांचे 11,752. अर्धकुशलला 462, कुशलला 474. यावर दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता वेगळा मिळवायचा असतो, त्यामुळे प्रत्यक्ष दर याहून वर असतो. समजण्यापुरता मूळ दरच घेऊ.

एखाद्या ठेकेदाराने पगार असा लावला : ठरलेले 10,400 आणि हजेरी बोनस 2,000, एकूण 12,400. कामगाराला सांगताना 12,400 सांगितले जातात. 11,752 पेक्षा जास्त, म्हणजे सगळं ठीक दिसतं. पण बोनस बाजूला काढा. 10,400 भागिले 26, दिवसाला 400 रुपये. हे 2023 च्या मूळ दरापेक्षाही 52 रुपयांनी कमी आहे. म्हणजे या माणसाने महिनाभर एकही खाडा न करता काम केलं, बोनस पूर्ण घेतला, तरी त्याला महिन्याला किमान 1,352 रुपये कमी मिळताहेत. त्याच्याच किमान वेतनाचा एक तुकडा काढून त्याला ‘बोनस’ असं नाव दिलेलं आहे. एक खाडा झाला की तो तुकडाही परत घेतला जातो.

म्हणून सुरतला काम करणाऱ्या प्रत्येकाने पगाराच्या स्लिपवर एक भागाकार करावा. बोनस, ओव्हरटाइम, प्रवासभत्ता बाजूला ठेवायचे. उरलेला मूळ पगार आणि महागाईचा भत्ता यांची बेरीज 26 ने भागायची. उत्तर त्या सहामाहीच्या किमान दरापेक्षा कमी आलं, तर प्रश्न हजेरीचा नाहीच, किमान वेतनाचा आहे. आणि तो वाद मुकादमाच्या मर्जीवर चालत नाही.

मालकाची बाजू, आणि ती कुठे फसते

गोदामवाल्याची अडचण खोटी नाही. ट्रक ठरलेल्या वेळी दारात लागतो. पॅकिंगच्या ओळीत दोन माणसं कमी असली की सगळी ओळ मंदावते, पार्सल पडून राहतं आणि उशिराची भरपाई गोदामाच्या माथी येते. होळी, आखाजी, कानबाई, दिवाळी या दिवसांत अर्धा हजेरीपट गावाकडे असतो, आणि त्यातले काही दिवस नेमके धंद्याच्या गर्दीचे असतात. रोजावर माणूस आयत्या वेळी आणायचा तर तो महाग पडतो आणि त्याला काम माहीत नसतं. त्यामुळे न चुकता येणाऱ्याला दोन पैसे जास्त देणं यात वावगं काही नाही.

फसगत ‘एक खाडा, सगळं शून्य’ या नियमात आहे. वरचे दोन आकडे आठवा : 2,421 आणि 436. महिन्याच्या चार तारखेला ज्याचा खाडा पडला, त्याला उरलेले सव्वीस-सत्तावीस दिवस वेळेवर येण्यासाठी बोनसकडून काहीच ओढ राहत नाही. बोनस तर गेलेलाच आहे. मग आणखी एक दिवस गावाला थांबलं तर जाणार फक्त त्या दिवसाचा रोज. जी योजना हजेरी वाढवायला आणली, ती पहिल्या खाड्यानंतर सुट्टी स्वस्त करून टाकते. उलट महिन्याच्या सत्तावीस तारखेपर्यंत ज्याची हजेरी पूर्ण आहे, तो अंगात ताप असतानाही कामावर येतो, कारण त्याच्यासाठी त्या एका दिवसाचं मोल अडीच हजार आहे. तापाने फणफणलेला माणूस फोर्कलिफ्टच्या वाटेत किंवा उंच रॅकखाली उभा असणं हे कुणाच्याच फायद्याचं नाही.

जर्मनीत किराणा दुकानांच्या एका साखळीत शिकाऊ कामगारांवर याचा रीतसर प्रयोग झाला. काही दुकानांत पूर्ण हजेरीला पैशाचा बोनस लावला. गैरहजेरी कमी व्हायला हवी होती, ती सरासरी सुमारे निम्म्याने वाढली. अभ्यासकांनी काढलेला अर्थ असा, की ज्या गोष्टीला बोनस मिळतो ती कर्तव्य नसून जादाची गोष्ट आहे असं माणसांना वाटू लागतं आणि खाडा करण्याची चुटपुट कमी होते. शिकाऊ मुलांवरचा हा निष्कर्ष सुरतच्या घरभाडं भरणाऱ्या कामगाराला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण बोनस लावला की हजेरी आपोआप वाढते, हे गृहीत धरता येत नाही एवढं त्यातून नक्की दिसतं.

त्याच जर्मनीच्या कायद्यात आजारपणाच्या दिवसांसाठी अशा जादा रकमेतून किती कमी करायचं यावर मर्यादा आहे. एका आजारी दिवसामागे सरासरी एका दिवसाच्या कमाईच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आपल्याकडे अशी मर्यादा नाही. पण मालकाने स्वतःहून टप्पे ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. शून्य खाड्याला 2,000, एका खाड्याला 1,000, दोन खाड्यांना 500 असं ठेवलं, तरी पहिल्या खाड्यानंतर वाचवण्यासारखं काहीतरी उरतं. सरळ प्रमाणात ठेवलं तर दिवसाला 77 रुपये होतात. गोदामाच्या खर्चात यातून पडणारा फरक मोठा नाही. सर्वांनाच पहिल्या खाड्याला शून्य करून वाचणारे पैसे हाच जर योजनेचा हेतू असेल, तर मात्र ती हजेरीची योजना राहत नाही.

सीमेपलीकडच्यांचा खास प्रश्न : मतदानाचा दिवस

एका प्रकारचा खाडा असा आहे की ज्याला कायदा खाडा मानत नाही, आणि तो आपल्या भागातल्या माणसालाच जास्त लागू होतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत गुजरातचं मतदान 7 मे रोजी झालं. सुरतची जागा बिनविरोध गेल्यामुळे त्या मतदारसंघात मतदानच झालं नाही. नंदुरबार आणि जळगावचं मतदान मात्र 13 मे रोजी होतं, धुळ्याचं 20 मे रोजी. सुरतचं गोदाम 13 मेला नेहमीसारखं चालू. पण तिथला ज्या कामगाराचं नाव नंदुरबारच्या यादीत आहे, त्याचं काय? त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा आला.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधलं कलम 135ब यावर बोलतं. लोकसभेला किंवा विधानसभेला मत देण्याचा हक्क असलेल्या आणि कुठल्याही धंद्यात, कारखान्यात, आस्थापनेत नोकरीला असलेल्या माणसाला मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यायची, आणि त्या सुट्टीपायी त्याच्या वेतनात कपात किंवा घट करायची नाही. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाचा रोज द्यायचा. मतदारसंघाबाहेर कामाला असणाऱ्या मतदारालाही हा हक्क आहे.

इथे ‘घट’ हा शब्द महत्त्वाचा. मागे मालकाचा युक्तिवाद असा होता की बोनस कापला नाही, तो मिळालाच नाही. पण कायद्याने दिलेली सुट्टी ही गैरहजेरी नाही. ती खाडा म्हणून मोजून बोनस शून्य केला, तर वेतन त्या सुट्टीमुळेच घटलं, असं म्हणायला भक्कम जागा आहे. आठवड्याच्या सुट्टीला कुणी खाडा म्हणत नाही, तसंच हे. मर्यादा दोन. एक, जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका या कलमात येत नाहीत. दोन, मोडणाऱ्या मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंतच. दोन हजारांचा बोनस वाचवणाऱ्याला पाचशेच्या दंडाची भीती किती, हे वेगळं सांगायला नको. म्हणून सुट्टी आधी लेखी मागणं, मतदार यादीतलं नाव सोबत जोडणं आणि त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवणं हाच व्यवहारी मार्ग.

स्लिपवर काय बघायचं

हजेरी बोनसचे वाद बहुतेक वेळा ‘खाडा म्हणजे काय’ यावर अडतात. कुठे तीन वेळा उशीर म्हणजे एक खाडा धरतात. कुठे अर्धा दिवस म्हणजे पूर्ण खाडा. कुठे बोटाचा ठसा यंत्राने घेतला नाही म्हणून कामावर असूनही हजेरी शून्य. मंजूर केलेली भरपगारी रजाही खाड्यात मोजतात. कामावर लागतानाच या चार गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि एजन्सीच्या माणसाने तोंडी सांगितलं तर तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवून त्याचा होकार घ्यावा.

वेतन संहितेप्रमाणे पगाराची स्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हायला हवा. स्लिपवर हजर दिवस, मूळ पगार आणि हजेरी बोनस या तीन ओळी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. सगळं एका ठोक आकड्यात असेल, तर खाड्यापायी किती कापले आणि बोनस किती गेला हे कळायला मार्गच नाही. अशा वेळी रोज स्वतःच्या मोबाइलमध्ये आल्या-गेल्याची वेळ टिपून ठेवणं उपयोगी पडतं. यंत्र चुकलं असेल तर त्याच दिवशी सुपरवायझरला संदेश टाकावा. महिनाअखेरीला सांगितलेलं सहसा कुणी ऐकत नाही.

कपात प्रमाणाबाहेर असेल किंवा मूळ पगार किमान दराखाली असेल, तर संहितेखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा करता येतो, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. नोकरी सोडून गावी परत आलेल्यालाही ती लागू आहे. कागद मात्र हातात हवेत : स्लिपा, बँकेच्या नोंदी, हजेरीचे फोटो. दावा जिथे काम केलं तिथे, म्हणजे सुरतेतच करावा लागतो. नवापूरहून तिथे जायचं म्हणजे पुन्हा एक दिवस मोडणार, आणि नव्या कामावर असेल तर पुन्हा एक खाडा. या गणितामुळेच बरेच जण हजार-दोन हजारांसाठी कुठे जात नाहीत, आणि ठेकेदारांना ते पक्कं ठाऊक असतं. चार-पाच जणांनी मिळून एकत्र अर्ज दिला तर हेलपाटा वाटून घेता येतो.

गावाकडून पुढच्या वेळी कुणी सुरतच्या गोदामात कामाला निघालं, तर ‘पगार किती’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘एक खाडा झाला तर हातात किती’ हे विचारायला हवं. घरभाडं, किराणा आणि गावी पाठवायचे पैसे या दुसऱ्या आकड्यावर बसवावेत. पंधरा हजार हा बाराही महिने ज्याला एकदाही ताप येत नाही त्याचा पगार आहे.